अनुभव धागा : शुक्रवारी साडेतीनपर्यंत हात बांधून बसणाऱ्यांनी लिहा

मुलुंडकर (धागाकर्ता)

४ जून २०२४, मंगळवार, निवडणूक निकालाचा दिवस. बीकेसीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइल टेबलाखाली धरून बसलो होतो. निफ्टीच्या ईटीएफमध्ये स्विंगचा सौदा होता. नियम वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेला : मे महिन्याचा तळ २१,८२० च्या आसपास, आठवड्याचा क्लोज त्याच्याखाली आला तरच बाहेर पडायचं.

सोमवारी निफ्टी २३,२६३ वर बंद झालेला. मंगळवारी तो २१,२८१ पर्यंत कोसळला आणि मी २१,४०० च्या सुमारास सगळं विकून मोकळा झालो. त्या दिवसाचा क्लोज २१,८८४ आला. म्हणजे माझी रेषा त्या दिवशीच्या क्लोजनंसुद्धा मोडली नव्हती, आठवड्याचं तर सोडाच. शुक्रवारी २३,२९० वर बंद. आज वीकली चार्ट उघडला की ती कँडल दिसते : बॉडी नखाएवढी आणि खाली हातभर लोंबणारी विक, म्हणजे तळापर्यंत जाणारी बारीक रेघ. त्या विकमध्ये कुठेतरी मी आहे.

तेव्हापासून वीकली क्लोजशिवाय निर्णय घेत नाही, निदान तसा प्रयत्न असतो. तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी.

पार्ल्याचा पक्या

आठवड्याचा क्लोज म्हणजे मंगळवारचा ना? मी निफ्टीचे ऑप्शन करतो, एक्स्पायरी आता मंगळवारी असते. दुपारी दोननंतर जे काही होतं त्यात माझे तीनदा पैसे गेलेत.

मुलुंडकर

नाही रे, एक्स्पायरीचा इथे संबंध नाही. कँडल सोमवारी उघडते आणि शुक्रवारी बंद होते. शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवारी.

सुलभाताई, दादर

आणि कधी शनिवारी! १ फेब्रुवारी २०२५ ला बजेटसाठी बाजार शनिवारी चालू होता. जानेवारीची मंथली कँडल शुक्रवारी ३१ तारखेला बंद झाली, पण आठवड्याची कँडल बजेट पचवून शनिवारी. एकाच शेअरमध्ये दोन्ही नियम लावणाऱ्यांची त्या दिवशी चांगलीच पंचाईत झाली असणार. मी फक्त वीकली बघते, म्हणून सुटले.

आता मुद्द्याचं. मुलुंडकर, तुमचा नियम चांगला होता, क्वांटिटी जास्त होती. नाहीतर हात थरथरला नसता. माझा हिशेब सांगते. भांडवल चार लाख, एका सौद्यात जोखीम एक टक्का, म्हणजे चार हजार. शेअर ४१२ ला घेतला. डेली चार्टवर स्टॉप ४०० ला दिसतो, म्हणजे बारा रुपये, आणि सव्वातीनशे शेअर घ्यावेसे वाटतात. पण मी वीकली क्लोजवर जगणार असेन तर माझी रेषा ३७७ ला आहे. पस्तीस रुपयांचं अंतर, म्हणून ११० शेअर. बहुतेक लोक क्वांटिटी डेलीची घेतात आणि स्टॉप वीकलीचा लावतात. मग बुधवारी शेअर ३८० ला आला की झोप उडते, आणि दोष कँडलला.

ठाणेकर

मी शुक्रवारी ३:२९ ला भाव बघतो. रेषेच्या वर असेल तर घेतो, नसेल तर नाही. सोमवारपर्यंत थांबलं तर गॅप-अपमध्ये माल हातचा जातो. सोपं आहे, उगाच गुंतागुंत करू नका.

एकदाच गंमत झाली होती. रेषा ६४०, स्क्रीनवर शेवटचा भाव ६४१.५०, घेतला. शनिवारी चार्ट उघडला तर क्लोज ६३८.९०! ब्रोकरकडे तक्रार केली, त्यांनी ‘सगळं बरोबर आहे’ म्हणून हात झटकले.

सुलभाताई, दादर

या बाबतीत ते बरोबर होते हो. कॅश सेगमेंटमध्ये तेव्हा क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, ३ ते ३:३० मधल्या सौद्यांची व्हॉल्यूमनुसार सरासरी. शेअर शेवटच्या पाच मिनिटांत उसळला असेल तर ३:२९ चा भाव वर आणि क्लोज खाली. तुम्ही आठवड्याभराची धांदल टाळलीत आणि नेमकी शेवटच्या पाच मिनिटांची विकत घेतलीत. भाव रेषेपासून एक-दोन टक्के लांब असेल तर तुमची पद्धत चालते. रेषेवरच लोंबकळत असेल तर मी हात लावत नाही, पुढचा आठवडा बघते.

ठाणेकर

मग बाजार बंद झाल्यानंतरचं सत्र आहे की. क्लोज कळलेला असतो, त्याच भावाला घ्या.

मुलुंडकर

मी दोनदा ऑर्डर टाकली आहे. समोर विकणारा असेल तरच मिळतो. मिडकॅपमध्ये एकदा काहीच मिळालं नाही, एकदा दीडशेपैकी बावीस.

स्कॅनरवाला सँडी, वसई

माझा गाढवपणा लिहितो. चार्टइंक या साइटवर शेअर गाळून काढायचा स्कॅन बनवला होता, `Weekly Close` वर. बुधवारी लोकलमध्ये चालवायचो, नावं यायची, घ्यायचो. शुक्रवारी तोच स्कॅन चालवला की निम्मी नावं गायब. वाटलं साइटच बिघडली. बुधवारी `Weekly Close` म्हणजे चालू, अर्धवट कँडलचा भाव, हे कळायला चार महिने लागले. पूर्ण झालेल्या आठवड्याचा हवा असेल तर `1 week ago Close`. आता स्कॅन शनिवारीच चालवतो, प्रश्नच मिटला.

गिरगावचे काका

फसलेले आधी म्हणालात म्हणून लिहितो. मी मंथलीवाला होतो. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरचे तळ १०,६५० च्या आसपास होते. महिन्याचा क्लोज त्याखाली आला तर बाहेर, हा नियम, आणि खालच्या विककडे बघायचंही नाही.

मग मार्च २०२०. ९ तारखेला, सोमवारी, निफ्टी १०,४५१ वर बंद. डेलीवाले बाहेर. शुक्रवारी १३ ला सकाळीच लोअर सर्किट लागून बाजार थांबला. निफ्टी ८,५५५ पर्यंत गेला आणि संध्याकाळी बंद झाला ९,९५५ वर. वीकलीवाले तिथे बाहेर. सकाळी ज्यांचे स्टॉप उडाले त्यांच्यापेक्षा ते बरेच सुखी, हे मान्य. मी मात्र नियम पाळत ३१ तारखेपर्यंत बसलो. महिन्याचा क्लोज ८,५९७. बाहेर पडलो, अगदी शिस्तीत. त्यानंतर बाजार कुठे गेला हे तुम्हाला माहीतच आहे.

मंडळी, नियम मी मोडला नव्हता. म्हणून जास्त लागतं.

सुलभाताई, दादर

काका, म्हणूनच मी दोन रेषा ठेवते. ३७७ वीकली क्लोजची, आणि ३५० ला आपत्तीची. तिथे क्लोजची वाट नाही, जीटीटी लावून ठेवलेली, म्हणजे तो भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर. ११० शेअरवर तिथे तोटा ६,८२०, म्हणजे पावणेदोन टक्के. एका टक्क्यापेक्षा जास्त, पण ठरवून घेतलेला. एक मात्र बघा, जीटीटी ट्रिगर झाल्यावर बाजारात लिमिट ऑर्डर जाते. ट्रिगर ३५० आणि लिमिट ३४९ ठेवली आणि शेअर ३४० ला उघडला, तर ऑर्डर नुसती लटकते. मी लिमिट बरीच खाली ठेवते.

गिरगावचे काका

पण ताई, मुलुंडकरांची ४ जूनची आपत्तीची रेषा कुठे असती? २१,५०० ला असती तर ते तुमच्याच पद्धतीनं, तळालाच बाहेर पडले असते.

सुलभाताई, दादर

असते. माझी त्या दिवशी एका बँकेच्या शेअरमध्ये उडालीच होती. शुक्रवारी तो परत रेषेच्या वर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. क्वांटिटी लहान होती म्हणून जेवण गेलं, एवढंच.

पार्ल्याचा पक्या

म्हणजे मंगळवारी काहीच करायचं नाही?

मुलुंडकर

नाही पक्या. मंगळवारी काहीच नाही.