मदत हवी आहे: स्कोप लावला की क्रॉसहेअर लक्ष्याच्या पुढे निघून जातो

लातूरची_खोली
नमस्कार. बंदूक नुसती हातात असताना माझा निशाणा बऱ्यापैकी लागतो, परंतु स्कोप लावला की क्रॉसहेअर शत्रूवर न थांबता पुढे जातो आणि तो मागे आणेपर्यंत मीच मेलेला असतो. सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर साधा निशाणा जड होतो. स्कोपसाठी वेगळा आकडा ठेवता येतो असे ऐकले आहे. तो किती ठेवावा, एवढेच कृपया सांगावे. रविवारी सामना आहे.

परभणीकर
खेळ कोणता, बंदूक कोणती, डीपीआय किती आणि सध्याची सेन्सिटिव्हिटी किती, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. प्रत्येक खेळात त्या आकड्याचा अर्थ निराळा असतो, त्यामुळे हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचे ठरेल.

बीडचा_बाण
भाऊ, मी बीजीएमआयमध्ये रेड डॉट, ३एक्स, ४एक्स, ६एक्स अशा प्रत्येक स्कोपचा आकडा वेगळा ठेवला आहे आणि जायरोस्कोप सुरू केल्यापासून माझी तक्रारच मिटली. आपणही जायरो वापरून पाहावा.

लातूरची_खोली
मी मोबाइलवर नाही, संगणकावर खेळतो. माउसला जायरो कोठून आणू? खेळ काउंटर-स्ट्राइक २, बंदूक एडब्ल्यूपी, डीपीआय ८००, सेन्सिटिव्हिटी १. हे सर्वांना ठाऊक असेल असे वाटले होते.

नळदुर्ग_किल्लेदार
कन्सोल उघडून पुढील ओळ टाकावी. मी अनेक वर्षे हीच वापरत आलो आहे.

```
zoom_sensitivity_ratio_mouse 0.82
```

लातूरची_खोली
टाकली. असा आदेशच नाही, असे कन्सोल म्हणते.

परभणीकर
किल्लेदारसाहेब, ते नाव जुन्या खेळातील, म्हणजे सीएस:गोमधील आहे. २०२३ मध्ये नवा खेळ आला, तेव्हा त्यातील शेवटचा शब्द गळाला.

```
zoom_sensitivity_ratio 0.82
```

औसा_रोड
आकडाच चुकीचा सांगत आहात. साध्या दृश्याचा कोन ९० अंश आणि एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमचा ४० अंश. ४० ला ९० ने भागले की ०.४४ येते. दृश्य जेवढे आकसले, तेवढाच माउस मंद व्हायला हवा, हा सरळ हिशोब आहे. ०.४४ भरावे.

गोदाकाठ
औसा_रोड, आपला भागाकार बरोबर आहे, मात्र तो खेळ स्वतःच करून मोकळा झालेला असतो. तो आकडा १ असताना स्कोपमधील वेग आधीच ०.४४ पट झालेला असतो आणि आपण भरलेल्या संख्येने त्याला पुन्हा गुणले जाते. ०.४४ भरले तर वेग साधारण ०.२ पट होईल आणि गड्याला पूर्ण वळण घ्यायला अडीच मीटरहून अधिक माउस सरकवावा लागेल. ओव्हरवॉचमध्ये मात्र आपली पद्धत जवळपास चालली असती, कारण तेथील टक्के थेट साध्या वेगाचे असतात. म्हणूनच तेथे विडोमेकरसाठी लोक ३७.८९ भरतात आणि मूळ आकडा ३० असतो. एकाच नावाच्या सेटिंगमागे दोन खेळांत दोन हिशोब आहेत, आणि निम्मे वाद त्यातूनच होतात.

आता मूळ प्रश्न. पडदा सपाट असल्याने कोन आणि पडद्यावरचे अंतर सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. म्हणून कोनांचा भागाकार न करता अर्ध्या कोनांच्या टॅन्जंटचा करावा लागतो. टॅन २० अंश म्हणजे ०.३६४ आणि टॅन ४५ अंश म्हणजे १. मध्यापाशी वेग ०.३६४ पट हवा असताना खेळ ०.४४४ पट देतो, म्हणजे २२ टक्के जास्त. ०.३६४ ला ०.४४४ ने भागले की ०.८२ मिळते. किल्लेदारांचा आकडा तेथूनच आलेला आहे.

विश्वास बसत नसेल तर मोजून पाहावे. मी बहिणीच्या पाकिटातील एक टिकली पडद्याच्या बरोबर मध्यभागी लावली होती, कारण एडब्ल्यूपी स्कोपशिवाय क्रॉसहेअर दाखवत नाही. माझा पडदा २४ इंची आहे. टिकलीपासून ३ सेंटिमीटरवर दिसणारी दरवाजाची कड टिकलीखाली आणायला, आपल्याच सेटिंगवर, माउस सुमारे १२ मिलिमीटर सरकवावा लागतो. मग स्कोप लावून पडद्यावर तेवढ्याच अंतरावरची दुसरी खूण धरावी. आकडा १ असताना ती १० मिलिमीटरमध्येच मध्यावर येते. हात मात्र सवयीने १२ मिलिमीटर सरकतो आणि क्रॉसहेअर ३ ऐवजी साधारण ३.६ सेंटिमीटर जातो. आपल्या पुढे निघून जाणाऱ्या निशाण्याचे कारण हे असावे.

औसा_रोड
मग खेळ बनवणाऱ्यांनी १ हा आकडा चुकून ठेवला, असे म्हणायचे आहे का?

गोदाकाठ
नाही, आणि येथे आपला मुद्दा अर्धा खरा आहे. मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर दूर, म्हणजे ४:३ पडद्याची कड जेथे येईल तेथे, १ हाच आकडा तंतोतंत जुळतो. तेथे ०.८२ ठेवून हाताने २० सेंटिमीटरची सवयीची झेप घेतली, तर क्रॉसहेअर १६ वरच थांबेल. एक गुणक पडद्यावरील एकाच अंतराला जुळतो; त्याच्या आत किंवा बाहेर थोडा फरक राहणारच. कोपरा धरून उभे राहणाऱ्याने मध्य जुळवावा, आणि लांबून झेप घेणाऱ्याने आकडा १ च्या जवळ ठेवावा.

परभणीकर
लांबची झेप घेणारे बहुतेक जण स्कोप लावण्याआधीच माउस फिरवून मोकळे होतात, त्यामुळे ती सवय साध्या वेगाचीच असते. माझ्या मते स्कोपमध्ये मध्य जुळवण्यालाच अर्थ आहे.

औसा_रोड
हे आपले झाले. मी स्कोप लावून झेप घेतो आणि १ वरच खेळतो.

नळदुर्ग_किल्लेदार
दुसऱ्या झूमचे काय? मला तेथे ०.८२ किंचित वेगवान वाटते.

गोदाकाठ
वाटते ते खरे आहे. दुसऱ्या झूमचा कोन १० अंश असल्याने तेथे मध्यासाठी ०.७९ लागते आणि ०.८२ सुमारे ४ टक्के जास्त पडते. दोन्ही झूमला मिळून एकच आकडा असल्यामुळे जो झूम अधिक वापरता त्याच्यासाठी तो ठरवावा. मी पहिल्यासाठी ठेवला आहे.

बीडचा_बाण
बीजीएमआयमध्ये प्रत्येक स्कोपला वेगळी पट्टी आहे, तेथे ही अडचणच येत नाही.

लातूरची_खोली
टिकली लावून मोजले. माझ्याकडे १२.५ आणि १०.५ मिलिमीटर आले. पट्टी शाळेतील असल्याने अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असेल. ०.८२ ठेवल्यावर जवळचे तीन-चार नेम सलग लागले, पण दोन खिडक्यांच्या मध्ये फिरताना निशाणा दुसऱ्या खिडकीच्या अलीकडेच राहतो. ०.९ ठेवले तर दोन्हीकडे निम्मेनिम्मे चुकेल का?

परभणीकर
चुकेल, आणि कोणत्या बाजूला किती चुकले हे सामन्यात कळणारही नाही. रविवारपर्यंत ०.८२ हलवू नका. खिडक्यांमध्ये फिरताना स्कोप काढून मग लावून पाहा.

औसा_रोड
०.९ मध्ये काहीही वाईट नाही. साधारण १२ सेंटिमीटरवर ते जुळते.

गोदाकाठ
त्यांचे १२ बरोबर आहे. खिडक्या पडद्यावर एकमेकींपासून किती लांब दिसतात, ते शाळेच्या पट्टीने मोजून कळवा, मग बोलू.