मदत हवी आहे: स्टेजच्या पडद्यांना कुठला रंग घ्यावा? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय

ओंकार_सांगली
नमस्कार मंडळी, ताईचं लग्न आहे, हॉल बुक झालाय. डेकोरेशनवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत कलर कन्फर्म करायचाय, तो म्हणतो त्याच तारखेला माझा दुसरीकडं पण मांडव आहे, उशीर केला तर कापड तिकडं जाईल. त्यानं तीन फोटो पाठवलेत, लव्हेंडर-सिल्व्हर, पीच-पांढरा आणि लाल-सोनेरी. ताईला लव्हेंडरच पाहिजे. आई म्हणते लग्नात असला विटलेला रंग नको, लाल-सोनेरीच घ्या, आणि पप्पा म्हणतात तुमचं तुम्ही ठरवा. हॉलवाला कार्पेट आणि लाईट बदलू देत नाही, तसं पावतीवरच लिहिलंय. कुठला घेऊ? लवकर सांगा प्लीज.

अनुजा_विश्रामबाग
अरे कार्पेट कुठल्या रंगाचं आहे ते तर सांग. आणि लाईट कसले? त्याशिवाय कोण काय सांगणार.

ओंकार_सांगली
कार्पेट मरून, सगळ्या हॉलना असतं तसंच. स्टेजवर पण तेच अंथरलंय. लाईट चांगले आहेत, भरपूर आहेत.

वैशाली_कराड
आमच्या धाकट्या जावेच्या लग्नात आम्ही पिस्ता आणि पांढरा केला होता, इतका सुंदर दिसला की अजून लोक विचारतात. तुम्ही पण पिस्ताच घ्या, डोळे झाकून. आमचं कार्पेट निळं होतं पण त्यानं काय फरक पडत नाही.

मांडववाले_काका
वैशालीताई, कार्पेटनंच तर फरक पडतो. ओंकार, मी मिरजेत २२ वर्षं मांडव घालतोय, चार गोष्टी सांग मग बोलतो. लाईट पिवळे का पांढरे? मुहूर्त किती वाजताचा? अक्षतांना नवरीची साडी कुठली? आणि स्टेजच्या बाजूला खिडक्या आहेत का? "भरपूर लाईट" यावरनं मला काही कळत नाही बाळा.

नाना_विटा
एक लक्षात ठेवा, कापडापेक्षा वरचा ताडपत्रीचा थर महत्त्वाचा. आमच्याकडं वळवानं सगळा मांडव झोपवला होता मे महिन्यात. बांबूऐवजी लोखंडी पाईप घ्या आणि दोऱ्या चारी बाजूंनी ताणा.

अनुजा_विश्रामबाग
नाना, हॉलमध्ये आहे लग्न. आत.

ओंकार_सांगली
काका, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, रिसेप्शन संध्याकाळी ७ ला. अक्षतांना मामाकडची पिवळी साडी, संध्याकाळी हिरवी पैठणी. स्टेजकडं तोंड केलं की डाव्या हाताला तीन मोठ्या खिडक्या आहेत. लाईट छतात गोल गोल बसवलेले आहेत, पिवळसर. मॅनेजर म्हणाला सगळे वॉर्म व्हाइट, ३००० केल्व्हिनचे.

मांडववाले_काका
हां, आता बोलता येईल. लव्हेंडर हा रंग जिवंत दिसतो तो त्यातल्या निळ्यामुळं. पिवळ्या दिव्यात निळा उजेडच कमी असतो, त्यामुळं कापडात निळं असलं तरी ते डोळ्यापर्यंत पोचत नाही. फोटोत जो लव्हेंडर दिसतोय तो पांढऱ्या उजेडातल्या मांडवाचा असणार. तुमच्या हॉलात तो धुऊन धुऊन राखाडी झालेल्या ओढणीसारखा दिसेल. माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतः बघ. कापड पेठेतनं लव्हेंडर, पीच, पांढरं आणि लाल असं प्रत्येकी १ मीटर घे, सॅटिनच घे कारण डेकोरेशनवाला तेच लावणार. दुपारी साडेबाराच्या सुमाराला हॉलवर जा, सगळे दिवे लावायला सांग. कापड हातात धरून बघू नको, स्टेजच्या भिंतीला टांग आणि खालचं टोक कार्पेटला टेकू दे. पिवळी साडी घेऊन ताईला समोर उभी कर आणि हॉलच्या मध्यावरनं बघ. मग पडदे ओढून, खिडक्या झाकून परत बघ, म्हणजे संध्याकाळचं पण कळेल.

लेन्सवाला_सातारा
मी लग्नांचे फोटो काढतो. काका म्हणतात ते डोळ्याला खरं असेल पण फोटोत एवढा प्रॉब्लेम येत नाही. आम्ही रॉमध्ये काढतो, नंतर व्हाइट बॅलन्स सेट केला की लव्हेंडर परत लव्हेंडर दिसतो. ताईंना आवडतोय तर घ्या बिनधास्त, लग्न एकदाच होतं.

मांडववाले_काका
दादा, संध्याकाळी एकाच जातीचा उजेड असेल तर बऱ्यापैकी जमेल तुम्हाला. दुपारी डावीकडनं खिडकीचा उजेड येणार आणि वरनं पिवळा. खिडकीकडची बाजू नीट केली की दुसरी बाजू केशरी होते, आणि वरच्या दिव्यांप्रमाणं केली तर खिडकीकडची माणसं निळी पडतात. एका फोटोत दोन उजेड असले की बॅलन्स कुणाचा धरणार? आणि आलेले चारशे लोक काय एडिट करून बघणार आहेत का स्टेज? त्यांचे मोबाईल तर जे दिसेल तेच काढणार.

लेन्सवाला_सातारा
मिक्स लाईटचं मान्य, त्याचा मलाही त्रास होतो. चेहऱ्यावर फ्लॅश मारून निम्मं सांभाळता येतं, पण मागच्या पडद्यापर्यंत फ्लॅश पोचत नाही.

ओंकार_सांगली
आत्ताच हॉलवरनं आलो, ताई, आई आणि मी. काका तुम्ही म्हणाला तसंच झालं. दुकानात ट्यूबखाली ताईनं स्वतः निवडलेला लव्हेंडर, हॉलात टांगल्यावर ती म्हणाली "हे तेच कापड आहे का?" मळकट राखाडी-गुलाबी दिसत होतं. खिडकीजवळ नेलं की परत लव्हेंडर, चार पावलं आत आणलं की गेला. पीच चक्क नारिंगी झाला आणि ताईचा चेहरा आणि पडदा एकाच रंगाचा वाटायला लागला. लाल-सोनेरीत आईचा पण हिरमोड झाला कारण ते लाल मरून कार्पेटला टेकलं की दोन वेगवेगळे लाल भांडतायत असं दिसत होतं, वर सोनेरी पट्ट्यासमोर पिवळी साडी कळेचना. राहिला पांढरा. तो पण पांढरा राहिला नाही, लोण्यासारखा दिसतो. शिवाय खालचा दोन-अडीच फूट भाग गुलाबी झालाय, डाग पडल्यासारखा. हे काय आहे? कापड खराब आहे का?

मांडववाले_काका
कापड बरोबर आहे. वरचा उजेड कार्पेटवर पडतो आणि तिथनं मरून होऊन उलटा पडद्यावर येतो. तुझ्या पांढऱ्या शर्टाच्या खालच्या भागावर पण येत असेल, बघ. कुठलाही फिका रंग घेतला तरी हे होणारच, त्यामुळं तो भाग दाखवायचाच नाही. पडद्याच्या पायाशी दोन-अडीच फूट उंचीच्या झाडांच्या कुंड्यांची रांग लाव, हिरवा पाला मरूनवर खुलतो. आता मुख्य कापड. पांढरं घे, पण शुभ्र घे, ऑफव्हाइट नको. शुभ्र कापड पिवळ्या उजेडात क्रीम दिसतं आणि ते छान दिसतं, ऑफव्हाइट मात्र तिथं जुनाट पिवळं दिसतं. पांढऱ्यासमोर पिवळी साडी पण उठते आणि हिरवी पैठणी पण. खांबांना हिरवं घे, पण बॉटल ग्रीन नको, त्या दिव्यात ते काळपट होतं. पोपटीकडं झुकणारा पानाचा हिरवा घे. सॅटिनऐवजी बिनचमकीचं क्रेप मिळालं तर अजून चांगलं, सॅटिनच्या चुण्यांवर दिव्यांचे पट्टे पडतात. स्टेज किती फुटाचं आहे?

ओंकार_सांगली
रुंदी ३० फूट, पडद्याची उंची १२.

मांडववाले_काका
मग डेकोरेशनवाल्याला एकच प्रश्न विचार, पांढरं कापड किती लावणार? चुण्या भरगच्च दिसायला रुंदीच्या दुप्पट तरी कापड लागतं. म्हणजे ३० फुटाला ६० फूट, ४४ इंच पन्ह्याचे १७ पट्टे, एकेक साडेबारा फुटाचा, साधारण ६५ मीटर. तो ४० मीटरमध्ये भागवणार असेल तर चुण्या विरळ होऊन मागची भिंत दिसेल, आणि पांढऱ्यातनं भिंतीचा रंग लगेच कळतो. आणि सगळं एकाच गठ्ठ्यातलं आहे का ते बघ, धुतलेलं आणि कोरं शेजारी आलं तर मधोमध जोड दिसतो.

वैशाली_कराड
पांढरा एवढा? लग्नात बरं दिसतं का ते, आमच्याकडं जुनी माणसं बोलतील. थोडा पिस्ता मिसळा की.

अनुजा_विश्रामबाग
क्रीमच दिसणार आहे की ताई, वर झेंडूच्या माळा आल्या, आंब्याचं तोरण आलं, मग कोण पांढरा म्हणणार? आमच्यात पण नवऱ्यामुलाचा पोशाख पांढराच असतो.

ओंकार_सांगली
आई तयार झाली. ताई मात्र नाराज आहे, तिचं रुखवत पण लव्हेंडर थीमचं केलंय मैत्रिणींनी. तिच्यासाठी काय करता येईल का? प्लीज काहीतरी सांगा, तिचं मन मोडून नको वाटतंय.

मांडववाले_काका
गेटवर घे लव्हेंडर. बाहेर पोर्चमध्ये दुपारी दिवसाचा उजेड असतो, तिथं तो खरा लव्हेंडर दिसेल, रुखवत पण तिथंच मांडा. आणि संध्याकाळसाठी एक युक्ती आहे. पांढऱ्या पडद्यावर खालनं एलईडी पार लाईटनं जांभळट उजेड टाकायचा, मग कापड न बदलता रिसेप्शनला लव्हेंडर मिळतो. ३० फुटाला ८ पार पुरे होतील, मात्र पडद्याच्या वरचे छतातले दिवे तेवढे बंद ठेवायला लागतील नाहीतर रंग फिका पडतो.

लेन्सवाला_सातारा
पार लाईटला माझा ठाम विरोध. नवरानवरीचे कान, गाल, केस सगळं जांभळं होतं आणि ते एडिटमध्ये निघत नाही. मागच्याच सीझनला एका रिसेप्शनचा अख्खा अल्बम असा हातचा गेलाय, नवरीच्या आईला काय उत्तर द्यावं कळेना.

मांडववाले_काका
ते पार लांबून, स्टेजच्या पुढनं मारले असतील. पडद्यापासनं एक फुटावर, कुंड्यांच्या आड, तोंड पडद्याकडं ठेवायचं आणि सोफा पडद्यापासनं किमान ५ फूट पुढं घ्यायचा. अक्षतांच्या वेळी पूर्ण बंद.

लेन्सवाला_सातारा
५ फूट अंतर ठेवलं तरी पांढऱ्या पडद्यावरनं उजेड परत पाठीवर येतोच. एकदा लावून, माणूस बसवून फोटो काढून बघा, मगच ठरवा.

नाना_विटा
लाजाहोम स्टेजवर आहे का? असेल तर होमकुंड त्या कापडापासनं लांब घ्या, हे सगळं नायलॉन-पॉलिस्टर झटकन पेट घेतं. वाळूची बादली जवळ ठेवा.

मांडववाले_काका
नाना, हे मात्र लाखमोलाचं बोललात. होम पुढच्या कडेला घ्या ओंकार, आणि वर झालर लोंबत नको.

ओंकार_सांगली
डेकोरेशनवाल्याला फोन केला. शुभ्र पांढरा, खांबांना पानाचा हिरवा, गेट लव्हेंडर. तो आधी ४५ मीटर म्हणत होता, ६५ चा हिशोब सांगितल्यावर गप्प झाला, पांढरं तेवढं एका गठ्ठ्यातलं देतो म्हणाला, त्याचे २००० जास्त मागतोय. क्रेप नाही त्याच्याकडं, सॅटिनच आहे. पार लाईटचं मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला आमचे दिवे बदलू नका, बाहेरचे लावायचे तर मालकांना विचारून सोमवारी सांगतो. त्यानं हो म्हटलं तर ताईला सोफ्यावर बसवून फोटो काढून इथं टाकतो, लेन्सवाले दादा तुम्ही बघून सांगा.

वैशाली_कराड
आणि छताला काय लावणार? तिथं तरी पिस्ता घ्या.

ओंकार_सांगली
छताचं अजून काही ठरलं नाही ताई. दिवे छतातच आहेत, कापड लावलं तर ते झाकले जातील ना? काका?