मदत हवी आहे: तीन क्रमागत सम संख्यांची बेरीज ७२, मुलीचं उत्तर ११, १३, १५ का आलं?

चोपडेकर_आई
मुलगी आठवीत आहे, आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. गावात गणिताची शिकवणी नाही, त्यामुळे संध्याकाळी मीच तिला घेऊन बसते. माझं शिक्षण कला शाखेचं, म्हणून इथे विचारते आहे.

पहिलं उदाहरण होतं: तीन क्रमागत संख्यांची बेरीज ७२ आहे, तर त्या संख्या कोणत्या? ते दोघींनी मिळून सोडवलं.

x + (x + १) + (x + २) = ७२
३x + ३ = ७२
३x = ६९, x = २३

संख्या २३, २४, २५. बेरीज करून पाहिली, ७२ आली.

दुसऱ्या उदाहरणात बेरीज तीच, फक्त तीन क्रमागत सम संख्या हव्या होत्या. मी x, x + २, x + ४ धरलं आणि २२, २४, २६ आलं. मुलीने मात्र २x, २x + २, २x + ४ असं मांडलं. तिचं समीकरण ६x + ६ = ७२, म्हणून x = ११. मग तिने उत्तर लिहिलं ११, १३, १५. या तर विषम संख्या, आणि बेरीजही ३९ येते! पण तिची मांडणी पायरी पायरीने तपासली तर मला कुठेच चूक सापडत नाही. २x धरायचंच नसतं का? आणि दोन्ही उदाहरणांत मधली संख्या २४च आली, हा योगायोग आहे का?

बोदवडचा_भाऊ
ताई, समीकरणाच्या भानगडीत पडूच नका. ७२ भागिले ३ म्हणजे २४, ही मधली संख्या. साध्या क्रमागत असतील तर एक मागे एक पुढे, सम असतील तर दोन मागे दोन पुढे. कितीही संख्या असू द्या, बेरजेला तेवढ्याने भागायचं की काम झालं. २x वगैरे मुलांना उगाच गोंधळात टाकतं.

पारोळा_पोस्ट
मला एक कळलं नाही. सम म्हणजे सारख्या ना? मग उत्तर सरळ २४, २४, २४ असायला हवं. त्यात क्रमागत कशाला म्हटलंय?

धुळे_फळा
वीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवतो आहे.

चोपड्याच्या ताई, तुमच्या मुलीची मांडणी बरोबर आहे. चुकली ती शेवटची पायरी. तिने x म्हणजेच पहिली संख्या असं समजून उत्तर लिहिलं. पण तिने स्वतःच पहिली संख्या २x धरली होती. x ११ आला, म्हणजे पहिली संख्या २२, पुढच्या २४ आणि २६. तुमचंच उत्तर. दर वर्षी वर्गात निम्मी मुलं इथेच घसरतात, कारण x सापडला की गणित संपलं असं त्यांना वाटतं. मी वहीत पहिल्या ओळीत ‘पहिली संख्या = २x’ असं शब्दांत लिहायला लावतो आणि शेवटी त्याच ओळीकडे परत जायला सांगतो.

आता तुमच्या पद्धतीत काय धोका आहे ते पाहा. बेरीज ७२ ऐवजी ७५ द्या आणि तीन क्रमागत सम संख्या विचारा. x, x + २, x + ४ धरलं तर ३x + ६ = ७५, x = २३. संख्या २३, २५, २७. बेरीज अगदी ७५ भरते, पण संख्या विषम! तुम्ही x सम आहे असं मनात धरलं होतं, समीकरणाला ते कुठे माहीत होतं? त्यात फक्त दोन-दोनचं अंतर आहे, आणि ते विषम संख्यांमध्येही असतंच. मुलीच्या पद्धतीने ६x + ६ = ७५, म्हणजे x = ११.५. अपूर्णांक आला की लगेच कळतं, अशा सम संख्या नाहीतच. म्हणून तिला २x सोडायला लावू नका.

चोपडेकर_आई
दादा, म्हणजे मीच तिचं बरोबर असलेलं खोडायला निघाले होते! आता एक विचारते. ती म्हणते, सम संख्यांना x + २ का, x + १ का नाही? मी नुसतं ‘असंच असतं’ म्हणून गेले.

धुळे_फळा
आमच्या गल्लीत घरांचे नंबर एका बाजूला सम आणि समोरच्या बाजूला विषम आहेत. २२ नंबरच्या शेजारचं घर २४, कारण २३ रस्त्यापलीकडे. तिला गल्लीचं चित्र काढायला सांगा. विषम बाजूलाही शेजारी दोनानेच पुढे असतो. काही मुलं विषम म्हटलं की x + १, x + ३ लावतात, तेही या चित्रातून सुटतं.

आणि पारोळ्याचे भाऊ, तुमचं २४, २४, २४ वाया नाही गेलं. सम म्हणजे इथे दोनाने पूर्ण भाग जाणाऱ्या, सारख्या नव्हे. पण ताईंच्या योगायोगाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेच आहे. केळीच्या तीन फण्या समजा, प्रत्येकी २४ केळी. पहिल्या फणीतलं एक केळं तिसरीत टाकलं तर २३, २४, २५. दोन टाकली तर २२, २४, २६. एकूण केळी ७२च राहतात आणि मधल्या फणीला कोणी हात लावत नाही. म्हणून मधली संख्या दोन्हीकडे २४.

पारोळा_पोस्ट
आत्ता ध्यानात आलं. मी सम म्हणजे समान असंच वाचत होतो.

शिरपूर_कापूस
मना पोर्‍या बी आठवीले शे. त्याला चार क्रमागत संख्यांची बेरीज ७२ असं आलं होतं. वर बोदवडच्या भाऊंनी सांगितलं तसंच त्याने ७२ भागिले ४ केलं, १८ आलं, आणि १७, १८, १९, २० लिहिलं. ती बेरीज ७४ होते. काय चुकलं?

धुळे_फळा
चार फण्यांमध्ये मधली फणीच नसते, मधल्या दोन असतात. १८ ही सरासरी त्या दोघींच्या मध्ये यायला हवी, आणि शेजारच्या दोन पूर्ण संख्यांच्या बरोबर मध्ये नेहमी अर्धा येतो, १७.५ किंवा १८.५. समीकरणही तेच सांगतं: ४x + ६ = ७२, x = १६.५. म्हणजे अशा चार संख्या नाहीत. उदाहरण लिहून घेताना काही सुटलंय का ते पाहा. ‘क्रमागत विषम’ असेल तर १५, १७, १९, २१ बरोबर बसतं.

बोदवडचा_भाऊ
मान्य, ‘कितीही संख्या’ म्हणालो ते चुकलं. तीन, पाच, सात असतील तेव्हाच मधली संख्या मिळते. तरी तीनच्या उदाहरणाला मी २४ वरूनच सांगेन. दहा सेकंदांत उत्तर.

शिरपूर_कापूस
वही पाहिली. ‘विषम’ शब्द खरंच सुटला होता.

चोपडेकर_आई
मुलीने फण्यांचं चित्र काढलं आणि मग मलाच विचारलं, तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ७२ होईल का? मी x, x + २, x + ४ मांडलं, x २२ आला आणि ती हसली, ‘आई, ही तर सम आहे.’ तीन विषम संख्यांची बेरीज विषमच येणार, हे तिने आधीच ओळखलं होतं.

एकच राहिलं. परीक्षेत तिने समीकरण न मांडता २४ वरून थेट उत्तर लिहिलं तर गुण कापतात का?

बोदवडचा_भाऊ
उत्तर बरोबर असताना का कापतील?

धुळे_फळा
मी असतो तर पायऱ्यांचे कापले असते. मधली संख्या x धरून (x − २) + x + (x + २) = ७२ एवढं लिहिलं तरी मी पूर्ण गुण देतो, ३x = ७२ लगेच दिसतं. पण आमच्याच शाळेत यावर दोन मतं आहेत. तिच्या सरांना आधी विचारून घ्या.