शब्दचर्चा: ‘चक्रीय एएमपी’मधलं चक्र कुठलं आणि ‘जी-प्रथिन युग्मित ग्राही’ नेमका कशाला जोडलेला?

गोदाकाठ: बारावीच्या मुलांसाठी अ‍ॅड्रेनॅलिनवर मराठीत एक टिपण लिहितेय. दोन शब्दांपाशी अडलेय. पहिला ‘जी-प्रथिन युग्मित ग्राही’, म्हणजे पेशीपटलात बसून बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन. युग्मित म्हटलं की दोघं कायमचे एकमेकांना चिकटलेले आहेत असं वाटतं. दुसरा ‘चक्रीय एएमपी’, म्हणजे तो संदेश पेशीच्या आत पुढे नेणारा छोटा रेणू. मुलं क्रेब्ज चक्र नुकतीच शिकलेली असतात, त्यामुळे इथेही काहीतरी गोल गोल फिरत असणार असं धरून चालतात. प्रत्यक्षात काय घडतं त्याच्याशी ताडून कुणी सांगेल का?

सदाफुली: चक्रीय बरोबरच आहे की. एटीपीपासून चक्रीय एएमपी, त्यापासून साधं एएमपी, त्यातून परत एटीपी. चक्र पूर्ण झालं.

उत्तररात्र: हे सगळं पेशीत घडतं खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. एटीपीला तीन फॉस्फेट असतात. अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचं विकर त्यातले बाहेरचे दोन काढून टाकतं आणि उरलेल्या एकाचं मोकळं टोक त्याच रेणूतल्या साखरेला जोडतं. त्यामुळे रेणूच्या आतच एक छोटं कडं तयार होतं. ‘सायक्लिक’ हे त्या कड्याचं वर्णन आहे. पुढे फॉस्फोडायएस्टरेज नावाचं विकर ते कडं उघडतं, की उरतं साधं एएमपी आणि संदेश तिथेच संपतो. म्हणून मी ‘वलयी एएमपी’ म्हणेन.

पिंपळपान: वलयी रसायनशास्त्राला धरून आहे, पण मुलं पाठ्यपुस्तकात आणि परीक्षेत जे वाचतात त्याचं काय? मी ‘सायक्लिक एएमपी’च ठेवेन आणि कड्याची आकृती काढून दाखवेन.

गोदाकाठ: आणि युग्मित?

उत्तररात्र: त्यासाठी यकृताची एक पेशी डोळ्यांसमोर आणा. समजा कुत्रा अंगावर धावून आला. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येतं, पण ते एका लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी असू शकतं. त्याच लिटरभर रक्तात साखर असते साधारण एक ग्रॅम. म्हणजे इतक्या थोड्या रेणूंनी यकृतातून इतकी साखर रक्तात सोडवायची आहे, आणि तीही पेशीच्या आत न शिरता.

ग्राही हे एकच लांब प्रथिन असतं आणि ते पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेलं असतं. अ‍ॅड्रेनॅलिन बाहेरच्या बाजूच्या खोबणीत बसलं की आतल्या बाजूचा आकार बदलतो. त्या बाजूला जी-प्रथिन असतं. त्याचे तीन भाग, आणि अल्फा नावाच्या भागाने जीडीपी हा दोन फॉस्फेटचा छोटा रेणू धरून ठेवलेला असतो. आकार बदललेल्या ग्राहीशी गाठ पडली की अल्फा जीडीपी सोडतो. पेशीत त्याचंच तीन फॉस्फेटचं रूप, जीटीपी, भरपूर असतं, ते रिकाम्या जागी बसतं. जीटीपी बसलं की अल्फा बाकीच्या दोन भागांपासून आणि ग्राहीपासूनही सुटतो, पटलाला धरून सरकतो आणि सायक्लेजला जाऊन भिडतो. ग्राही तोवर पुढच्या जी-प्रथिनाला गाठायला मोकळा. तुमच्या ‘युग्मित’चं उत्तर यात आहे: जोड क्षणापुरती असते आणि ती सुटते म्हणूनच एक ग्राही अनेक जी-प्रथिनांना चालू करू शकतो.

सदाफुली: मग अ‍ॅड्रेनॅलिन आलं की सायक्लिक एएमपी वाढणार, असा सरळ नियम सांगता येईल ना?

उत्तररात्र: अ‍ॅड्रेनॅलिनच्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे प्रकार आहेत, त्यातल्या बीटांपुरता हो. अल्फा-2 ग्राहीवर तेच अ‍ॅड्रेनॅलिन वेगळ्या जी-प्रथिनाला हाक मारतं आणि ते सायक्लेजला आवर घालतं. अल्फा-1 वर तर सायक्लेजचा संबंध येत नाही, तिथे काम कॅल्शियममार्फत होतं. यकृतात हा अल्फा-1 चा रस्ताही असतो. म्हणून टिपणात ‘बीटा’ हा शब्द गाळू नका. आणि जी-प्रथिनाचा अल्फा भाग व हे अल्फा ग्राही यांचा फक्त नावापुरता संबंध आहे, तेही आधीच सांगा.

साधा प्रवासी: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. दम्यासाठी साल्बुटामॉलचा पंप घेतो, घेतल्यावर हात थरथरतात. हे अ‍ॅड्रेनॅलिनच्याच जातीचं औषध आहे असं वाचलं. मग याने श्वासनळी मोकळी कशी होते? यकृतातून साखर सुटण्याचा आणि श्वासाचा काय संबंध?

उत्तररात्र: साखरेमुळे श्वास मोकळा होत नाही. साल्बुटामॉल बीटा-2 ग्राहीवर बसतं आणि सायक्लिक एएमपी वाढण्यापर्यंतच्या पायऱ्या दोन्हीकडे त्याच असतात. पुढे सायक्लिक एएमपी प्रोटीन कायनेज ए या विकराला जाऊन चिकटतं. त्याचे दोन कामकरी भाग दोन नियंत्रक भागांनी अडवून ठेवलेले असतात. सायक्लिक एएमपीचे चार रेणू बसले की ते सुटतात आणि समोर येईल त्या योग्य प्रथिनाला फॉस्फेट लावतात. यकृतात समोर येतं फॉस्फोरिलेज कायनेज. ते फॉस्फोरिलेजला जागं करतं आणि फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून, एकेक ग्लुकोज तोडू लागतं. त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणारं विकर फॉस्फेट लागल्याने मंदावतं. श्वासनळीच्या स्नायूत समोरची प्रथिनं आकुंचनाची असतात, म्हणून तिथे परिणाम सैल पडण्याचा. हातापायांच्या स्नायूंतही बीटा-2 असतात, थरथर त्यामुळे. ती फार होत असेल तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला.

पिंपळपान: अ‍ॅड्रेनॅलिन आत शिरत नाही हे कळलं कसं, ते मुलांना जरूर सांगा. 1950 च्या दशकात क्लीव्हलँडमध्ये अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यकृताच्या भरडीवर प्रयोग करत होते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पटलांचा जड भाग काढून टाकला, तर उरलेल्या द्रवात फॉस्फोरिलेज असूनही अ‍ॅड्रेनॅलिनचा काही परिणाम होईना. मग त्यांनी पटलांच्या भागात एटीपी आणि अ‍ॅड्रेनॅलिन घातलं, ते उकळलं आणि त्यातला अर्क त्या द्रवात टाकला. फॉस्फोरिलेज जागं झालं! उकळल्याने प्रथिनं नासतात, म्हणजे अर्कात काम करणारं प्रथिन नव्हतं, तर उष्णता सोसणारा एक छोटा रेणू होता. तोच सायक्लिक एएमपी. सदरलँडना 1971 चं नोबेल मिळालं. मला हा प्रयोग सगळ्या आकृत्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

गोदाकाठ: हा प्रयोग नक्की घेते. पण अल्फा सायक्लेजला भिडला, मग थांबतो केव्हा?

उत्तररात्र: अल्फा स्वतःच जीटीपी तोडून त्याचं जीडीपी करतो. मग सायक्लेजला सोडून जुन्या जोडीदारांकडे परततो. ही सोय बिघडली तर काय होतं ते पटकीत दिसतं. पटकीचं विष आतड्याच्या पेशीत शिरून अल्फाला एक तुकडा चिकटवतं, मग त्याला जीटीपी तोडता येत नाही. सायक्लेज चालूच राहतं, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं आणि त्यामागे पाणी. त्या विषाचं अस्तित्व 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. इथे अ‍ॅड्रेनॅलिनचा संबंधच नाही, म्हणजे वरचा ग्राही शांत असतानाही खालची साखळी धावू शकते.

गोदाकाठ: मग मी ‘जी-प्रथिनामार्फत काम करणारा ग्राही’ असं लिहिते. लांब आहे, पण कायमच्या जोडीचा गैरसमज होणार नाही.

पिंपळपान: त्यालाही माझी एक हरकत आहे. ग्राही बराच वेळ चालू राहिला की त्याच्या आतल्या टोकाला फॉस्फेट लागतात, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाला वाट बंद होते. पण ते अरेस्टिन पुढे स्वतःही संदेश पाठवतं. म्हणून काही संशोधक या ग्राहींना जी-प्रथिनाच्या नावाने न ओळखता पटलातल्या सात फेऱ्यांवरून ओळखतात.

सदाफुली: ‘सातफेरी ग्राही’ चालेल?

उत्तररात्र: मला आवडला. पण बारावीच्या उत्तरपत्रिकेत तपासणाऱ्याला कळेल का, हा प्रश्न राहतोच.