मदत हवी आहे: बँक गॅरंटी वाढवा नाहीतर पैसे द्या, असं पत्र थेट बँकेत गेलंय

हिंगणेकर
नमस्कार मंडळी. माझं हिंगणा एमआयडीसीत पॅनेल आणि केबलिंगच्या कामांचं छोटं युनिट आहे. एका सरकारी कार्यालयाचं 1 कोटी 20 लाखांचं टेंडर मिळालं होतं. सुरक्षा अनामत 5 टक्के, म्हणून 6 लाखांची बँक गॅरंटी दिली. मार्जिन 25 टक्के, म्हणजे दीड लाखाची एफडी बँकेकडे लीन करून ठेवली आहे. बाकीचं लिमिट कॅश क्रेडिटसोबत मंजूर आहे. कमिशन वर्षाला 2 टक्के आणि वर जीएसटी.

गॅरंटीची मुदत 31 ऑक्टोबरला संपते. काम अजून सुमारे पंधरा टक्के बाकी आहे, कारण जागाच आम्हाला चार महिने उशिरा मिळाली. काल बँकेतून फोन आला. कार्यालयाचं पत्र आलंय: "हमीची मुदत 30 एप्रिलपर्यंत वाढवून द्यावी, तसे न झाल्यास हेच मागणीपत्र समजून रक्कम जमा करावी." मला साधी प्रतही पाठवली नाही. रात्रभर झोप नाही. चूक त्यांची असताना ते गॅरंटी वठवू शकतात का? आणि मुदत वाढवायला बँक 18 महिन्यांचं कमिशन मागते आहे, 21,240 रुपये. सहा महिन्यांसाठी अठरा महिन्यांचं काहून?

वर्धारोड
घाबरू नका भाऊ. बँकेला लेखी कळवा की उशीर त्यांच्यामुळे झाला, चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नका. बँकेला आधी तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं. नाही ऐकलं तर सरळ खंडपीठात जाऊन स्थगिती आणा.
आणि क्लेम पिरियडचं कमिशन देऊच नका. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आलाय, बँकांना ते घेता येत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
हिंगणेकर, या सल्ल्यावर विसंबून 31 तारीख घालवू नका. मी अनेक वर्षं गॅरंटीच्या टेबलावर बसलोय, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुमच्या गॅरंटीच्या मजकुरात "मागणी येताच, कोणतीही हरकत न घेता" अशा अर्थाचं वाक्य असेलच. ते असलं की जागा कोणी उशिरा दिली हा प्रश्न बँकेपुढे येतच नाही. तो तुमचा आणि कार्यालयाचा वाद, तो लवादात मांडायचा. बँक फक्त एवढंच पाहते की मागणी मुदतीत आली का आणि गॅरंटीत लिहिलंय तशीच आली का. न्यायालयही स्थगिती सहसा देत नाही. उघड आणि गंभीर फसवणूक, किंवा नंतर भरूनच न येणारं नुकसान, एवढीच वाट सर्वोच्च न्यायालयाने ठेवली आहे. कामाला उशीर झाल्याचा वाद त्यात बसत नाही.

वठली तर काय होतं ते ऐका. बँक 6 लाख भरते. दीड लाख एफडीतून वळते होतात, उरलेले साडेचार लाख तुमच्या खात्यावर नावे पडतात. सीसी लिमिटच्या वर गेलं की त्या दिवसापासून जास्तीचं व्याज सुरू, आणि 90 दिवसांत भरलं नाही तर खातं एनपीए. मार्जिन म्हणजे तुमचं नुकसान तेवढ्यावर थांबतं असं नाही, हे बऱ्याच ठेकेदारांना वठल्यावरच समजतं.

कमिशनबद्दल: मूळ गॅरंटी काढताना किती कापलं होतं, ती पावती शोधा आणि आकडा इथे लिहा. मूळ मुदत किती महिन्यांची होती तेही.

मेघना_बुटीबोरी
आमचीही गॅरंटी अशीच गेली होती. बयाण्याची, 80 हजारांची. आमचा दर सर्वांत कमी आला, पण तांब्याचे भाव चढले म्हणून आम्ही माघार घेतली. दहा दिवसांत पैसे गेले. तुम्ही टेंडरमधून माघार का घेतली पण? आधीच बोलायला हवं होतं.

हिंगणेकर
मेघनाताई, माघार घेतलेली नाही, काम चालू आहे. ही बयाण्याची नाही, कामाची गॅरंटी आहे.
दादा, पावती सापडली. मूळ मुदत 18 महिन्यांची होती आणि कमिशन 35,400 कापलंय. मजकुरात लिहिलंय की मागणी मुदत संपल्यापासून 12 महिन्यांपर्यंत करता येईल. आणखी एक गोष्ट: मागणी अधीक्षक अभियंत्याच्या सहीने यावी असं गॅरंटीत आहे. आलेल्या पत्रावर कार्यकारी अभियंत्याची सही आहे. याचा उपयोग होईल का?

निवृत्त_शाखाधिकारी
दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत.

आधी कमिशन. 6 लाखांवर 2 टक्के म्हणजे वर्षाला 12,000, महिन्याला 1,000. 18 महिने आणि वर 12 महिने असे 30 महिने, म्हणजे 30,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 5,400. बरोबर 35,400. म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंतचं कमिशन तुम्ही आधीच भरलंय. आता दोन्ही तारखा सहा महिन्यांनी सरकतात, म्हणून नवं कमिशन सहा महिन्यांचंच: 6,000 आणि जीएसटी 1,080, एकूण 7,080. बँकेतल्या माणसाने नवी गॅरंटी समजून 6 अधिक 12 धरलेत. पावती घेऊन जा आणि हाच हिशोब समोर मांडा.
वर्धारोड म्हणतात तो निकाल खरा आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. करार कायद्याच्या कलम 28 मुळे क्लेम पिरियड किमान वर्षभराचा ठेवावाच लागतो, हा बँकांचा समज न्यायालयाने चूक ठरवला. तुमच्या मजकुरात ते 12 महिने लिहिलेलेच आहेत. तोवर बँक बांधील, म्हणून कमिशन घेणार.

सहीचं: 1999 चा बिहारमधला एक निकाल आहे. तिथेही गॅरंटीत मुख्य अभियंत्याचं नाव होतं आणि मागणी कार्यकारी अभियंत्याने केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी अग्राह्य ठरवली. तेव्हा बँकेला आजच लेखी दाखवून द्या. पण यावर निर्धास्त होऊ नका. कार्यालय योग्य सहीचं पत्र चार दिवसांत पाठवू शकतं.

खरा मार्ग मुदत वाढवण्याचाच आहे. बँकेला अर्ज, स्टॅम्पवर वाढीव गॅरंटी, आणि एसएफएमएस संदेश त्यांच्या बँकेला जातो का ते बघा. एफडीची मुदतही पुढे न्या. सोबत कार्यालयाला स्वतंत्र पत्र: आमचे हक्क अबाधित ठेवून मुदत वाढवत आहोत, जागा अमुक तारखेला मिळाली, म्हणून कामाला विनादंड मुदतवाढ द्यावी. आणि हे विसरू नका, मागणी मागे घेतल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या. नुसती वाढ देऊन जुनं पत्र बँकेच्या फाइलमध्ये तसंच पडलं तर पुढे कोणीतरी त्यावर बोट ठेवतं.

वर्धारोड
कमिशनचं मान्य. पण मुदत वाढवून दिली की उशीर आपलाच होता असं कबूल केल्यासारखं होतं, हे माझं मत कायम आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
म्हणूनच हक्क अबाधित ठेवून हे शब्द पत्रात हवेत. लवाद त्याला किती वजन देईल हे वकिलाला विचारा, मी बँकेची बाजू सांगितली.

हिंगणेकर
आज सदरच्या शाखेत जाऊन आलो. पावती पुढे ठेवल्यावर व्यवस्थापकांनी स्वतः हिशोब केला आणि 7,080 वर आले. सहीचा मुद्दा त्यांनी लेखी घेतला, कार्यालयाला पत्र परत पाठवताहेत. वाढीव गॅरंटीचा कागद गुरुवारी मिळेल. कार्यालयातले साहेब मात्र म्हणतात, आधी गॅरंटी आणा, मग मागणी मागे घेण्याचं बघू. लेखी काही देत नाहीत. वाढीव गॅरंटी त्यांच्या हाती देताना पोच कशी घ्यावी, कोणी असं केलंय का?