मोठ्या क्लेमनंतर तुमचं रिन्यूअल कसं झालं? अनुभव लिहा

अनघा
सासऱ्यांची बायपास झाली. क्लेम सहा लाखांच्या वर गेला आणि पूर्ण मंजूरही झाला. आता एजंट म्हणतोय, "पुढच्या वर्षी कंपनी यांना ठेवणार नाही, आत्ताच दुसरीकडे पोर्ट करा." पॉलिसीवर तर आजीवन नूतनीकरण छापलंय. ज्यांनी मोठा क्लेम घेतलाय त्यांनी पुढे काय झालं ते लिहाल का? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

समीर
क्लेम केला की प्रीमियम वाढवतातच. माझ्या आईचा गुडघेबदल झाला आणि पुढच्या नोटिशीत ३८,४०० चे ४६,९०० झाले. अजून काय पुरावा हवा? रिन्यूअल नाकारलं नाही, पण चांगलंच पिळलं.

देशपांडेकाका
समीर, आईंचं वय त्या वर्षी ५५ वरून ५६ झालं का? अंडररायटिंगला बरीच वर्षं काढलीत, म्हणून विचारतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या पॉलिसीचा दरतक्ता असतो. त्यात तेवढ्याच विमा रकमेपुढे ५६ ते ६० चा रकाना बघा.

समीर
बघितलं. वय बरोबर आणि रकान्यात ४६,९०० च आहेत. म्हणजे क्लेम न करणाऱ्यालाही हेच? बोनस मात्र पाच लाखांवरून चारवर आला.

देशपांडेकाका
हो, त्या वयाच्या सगळ्यांना हेच. तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून रिन्यूअलचा प्रीमियम वाढवता येत नाही, तसं पॉलिसीच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं. बोनस मात्र क्लेमनंतर पॉलिसीत दिल्याप्रमाणे कमी होतो.

अनघाताई, आता तुमचं. आधी क्लेम घेतला या कारणावरून रिन्यूअल नाकारता येत नाही, आणि विमा रक्कम वाढवून मागितली नाहीत तर नव्याने तब्येत तपासायचाही प्रश्न येत नाही. पण हा हक्क आहे त्या कंपनीपुरताच. पोर्ट करायला गेलात की नवी कंपनी बायपासचे कागद वाचून सरळ नाही म्हणू शकते. लोकांचं खरं नुकसान इथे होतं: नवीन पॉलिसी येईल म्हणून जुनीचे पैसे भरत नाहीत, तिकडून नकार येतो, तोवर ग्रेस पिरियडचे ३० दिवस संपलेले असतात. मग सगळं पहिल्यापासून, तेही हृदयाच्या पेशंटला कोणी घेतलं तर. चुकीचा सल्ला मिळालाय तुम्हाला.

प्राजक्ता
आमचं उलट झालं. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून आईवडिलांनाच वगळलं, बाबांच्या कॅन्सरचा मोठा क्लेम झाल्यावर. कुठे गेलं आजीवन?

देशपांडेकाका
ती पॉलिसी तुमची नाही, मालकाची. अटी दरवर्षी तो आणि कंपनी ठरवतात. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते मात्र लगेच लेखी विचारा.

निखिल
क्रिटिकल इलनेसचं सांगतो. अटॅकनंतर दहा लाख एकरकमी मिळाले आणि पॉलिसी तिथेच संपली. तिचं रिन्यूअल नसतंच, हे मला पैसे मिळाल्यावर कळलं.

वैशाली
मला वाटतं खरी भीती वेगळीच आहे. आमची पॉलिसी तीन वर्षांची. वडिलांच्या स्टेंटचा क्लेम गेला तर पैसे राहिले बाजूला, पॉलिसीच रद्द केल्याचं पत्र आलं. कारण काय, तर डिस्चार्ज कार्डावर "मधुमेह दहा वर्षांपासून" असं लिहिलेलं, जे आम्ही प्रपोजल फॉर्ममध्ये दिलं नव्हतं. मधुमेह कळून जेमतेम वर्ष झालंय! ॲडमिट करताना रात्रपाळीच्या डॉक्टरांनी घाईत लिहून घेतलं. आता मुख्य डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं, मधुमेह पहिल्यांदा निघाला तो लॅब रिपोर्ट जोडला आणि कंपनीच्या तक्रार विभागाला दिलं. त्यांनी फेटाळलं. प्रकरण विमा लोकपालांकडे आहे.

देशपांडेकाका
ताई, कागद योग्य जोडलेत. पॉलिसी रद्द करताना कारण क्लेमचं नसतं, माहिती लपवल्याचं असतं. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय हे कारण चालत नाही, २०२४ आधी ही मुदत आठ वर्षं होती. तुमची तीनच झाली, म्हणून त्यांना हे कारण काढता आलं. निकाल काय येईल, मी सांगू शकत नाही. अनघाताई, तुमची किती जुनी?

अनघा
नऊ वर्षं, खंड नाही. पोर्टचा फॉर्म थांबवलाय. उद्याच रिन्यूअलचे पैसे भरते.

समीर
काका, एक राहिलं. ६० च्या पुढच्यांना आयआरडीएआयला आधी विचारल्याशिवाय वर्षाला १०% पेक्षा जास्त वाढ करता येत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये आलं ना? मग आई ६१ ची झाल्यावर रकाना बदलून जी उडी बसेल, ती या १०% मध्ये धरायची का? दोन शाखांत विचारलं, दोन उत्तरं मिळाली.