बॉक्सशिवाय टीव्ही : आत ट्यूनर आहे हे कसं ओळखलंत? (अनुभव धागा)

माणदेशी
गावी आईसाठी ३२ इंची टीव्ही घ्यायचाय. डीडी फ्री डिशची छत्री आधीच आहे. दोन रिमोट तिला जमत नाहीत, म्हणून छत्रीची वायर थेट टीव्हीत लावायची आहे, म्हणजे छत्रीचा सिग्नल पकडणारा ट्यूनर टीव्हीतच हवा. दुकानदार म्हणतो, "स्मार्ट आहे, सगळं चालतं." ज्यांनी खरंच बॉक्स काढून टाकलाय त्यांनी सांगा.

विद्याताई
आमच्याकडे वायफायवर प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप लावलंय, सह्याद्री दिसते. बॉक्स लागतच नाही.

माणदेशी
ताई, आईकडे वायफाय नाही. मोबाइलची रेंजही ओट्यावर जाऊन शोधावी लागते.

रेंज_गेली
काळजीच नको. सरकारने ट्यूनर सक्तीचा केलाय, आता सगळ्या टीव्हींत येतो.

एलएनबीवाले काका
अर्धं खरं. उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोचं मानक आलंय, IS 18112, २०२२ चं. पण मानक निघालं म्हणून दुकानातल्या प्रत्येक टीव्हीत ट्यूनर असेल असं नाही. छत्र्या बसवण्यात माझी उमर गेली. अजूनही असे टीव्ही येतात ज्यांत फक्त जुना अ‍ॅनालॉग ट्यूनर असतो, आणि खोक्यावर मात्र 'डिजिटल' छापलेलं असतं.

माणदेशी, टीव्ही उलटा करून मागची सॉकेटं बघा. `LNB IN` किंवा `SAT` लिहिलेलं, आटे असलेलं सॉकेट हवं. नुसते आटे बघून हो म्हणू नका, काही टीव्हींत अँटेनाच्या सॉकेटलाही आटे असतात. मग दुकानातच चॅनेल शोधायचा मेनू उघडायला लावा. अँटेना आणि केबलसोबत `Satellite` दिसलं पाहिजे. मेनूत दिसतं पण मागे सॉकेट नाही, असेही नग पाहिलेत, म्हणून दोन्ही तपासा. माहितीपत्रकात `DVB-S2` हवं. नुसतं `DVB-T2/C` असेल तर छत्री चालणार नाही. आणि मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, परदेशातल्या त्याच टीव्हीचा परीक्षण-व्हिडिओ बघून पैसे देऊ नका.

फ्रेमाँटकर
आम्ही परत येताना टीव्ही सोबत आणणार आहोत. इथे साध्या अँटेनावर भरपूर चॅनेल फुकट दिसतात. पुण्यात चालेल ना?

एलएनबीवाले काका
पडदा चालेल, ट्यूनर नाही. अमेरिकेत एटीएससी पद्धत, आपल्याकडे डीव्हीबी. एचडीएमआयला बॉक्स जोडावाच लागेल. व्होल्टेजही बघून घ्या.

सौ. कुलकर्णी, मिरज
मी स्वतः लावलंय, दुसऱ्या मजल्यावरून मुलगा छत्री हलवत होता. उपग्रहांच्या यादीत जीसॅट-१५ नव्हताच, सगळी युरोपातली नावं. शेवटी 'इतर' निवडून हाताने भरलं :

```
Position     93.5 E
LNB          9750/10600
LNB Power    On
DiSEqC       Off
Transponder  11090 V 29500
```

`LNB Power` बंद होतं तोवर सिग्नलची पट्टी शून्यावर. बॉक्स वायरमधूनच छत्रीवर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीला वीज देतो, बॉक्स काढला की ते काम टीव्हीचं. चालू केल्याबरोबर पट्टी उठली. पहिल्या शोधात थोडीच चॅनेलं आली. `Network Search` चालू करून पुन्हा शोधलं तेव्हा बाकीची आली, आकाशवाणीसुद्धा. काहींवर कुलूप होतं, ती पुसून टाकली. सह्याद्री एक नंबरवर आणून ठेवली, सासूबाई खूश.

रेंज_गेली
म्हणजे आमची पैसेवाली डीटीएचसुद्धा बॉक्सशिवाय? महिन्याचे पैसे भरतोच आहोत.

एलएनबीवाले काका
नाही. त्यांचा सिग्नल बंद असतो, कुलपाची किल्ली त्यांच्या बॉक्स आणि कार्डात. डिजिटल केबलचंही तेच. शिवाय त्यांची छत्री बहुतेक वेळा दुसऱ्या उपग्रहाकडे वळलेली असते. तीच वापरायची तर ९३.५ अंश पूर्वेकडे फिरवून घ्या.

अंधेरीचा अवि
छत्रीला सोसायटी परवानगी देत नाही. साध्या अँटेनावर दूरदर्शन मिळतं ना? २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसकट १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं.

एलएनबीवाले काका
त्याला `DVB-T2` हवा. चॅनेल मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि इमारती आड आल्या की तीही नाहीत. विकत घ्यायच्या आधी शेजारच्या टीव्हीवर लावून बघा.

सौ. कुलकर्णी, मिरज
एक गोष्ट राहिली. फ्री डिशवर जागांचा लिलाव होतो, चॅनेलं येतात-जातात. बॉक्समध्ये माझे मिस्टर ऑटो स्कॅन मारायचे. टीव्हीत परत शोधलं की सगळा क्रम विस्कटतो आणि सह्याद्री कुठेतरी खाली जाऊन बसते.

माणदेशी
दुकानात जाऊन आलो. दाखवलेल्या टीव्हीच्या मेनूत `Satellite` होतं, मागे मात्र एकच सॉकेट, आट्यांशिवाय. सोडून दिला. दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला `LNB IN` आहे, दीड हजारांनी महाग. कुलकर्णीबाई, तो क्रम विस्कटणं टाळता येतं का? आई एकदा चॅनेल हरवलं की टीव्हीच बंद करून ठेवते.

विद्याताई
आमच्या टीव्हीत 'आवडती चॅनेलं' अशी वेगळी यादी आहे, पण ती शोधानंतर टिकते का ते बघितलं नाही कधी.